पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती थांबवली. मग त्यांनी पाचचं बटण दाबलं. मग सहाचं. मग खालपासून वरपर्यंत सगळीच बटणं एकेकदा दाबून झाली. लिफ्ट ढिम्म हलली नाही.

"थांबली," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. याहून शहाणं काही त्या क्षणी दोघांनाही सुचलं नाही.

साहेब म्हणजे लिफ्टच्या देखभालीची कामं घेणाऱ्या कंपनीचे मॅनेजर. अंगानं भरलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि तोंडात कायम एकच वाक्य: नोंद नाही तर काम नाही. मी म्हणजे त्यांच्या मेकॅनिक लोकांच्या फोनमध्ये जे नोंदींचं ॲप चालतं, ते लिहिणारी बाई. आणि आम्ही दोघं सहाव्या मजल्यावरच्या मीटिंग रूमकडे निघालो होतो, एका मेकॅनिकच्या चौकशीसाठी. तो मेकॅनिक माझा सख्खा मामा.

मामा आमच्याबरोबर लिफ्टमध्ये आले नव्हते. तळमजल्यावर त्यांनी दाराकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "मी जिन्यानं येतो. ही लिफ्ट मी बंद केलेली आहे."

"रेकॉर्डवर चालू आहे," साहेब म्हणाले. "तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक बदललंय परवाच. आपल्याच लिफ्टवर आपला विश्वास नाही, तर लोकांचा कसा बसेल?"

"असेल," मामा म्हणाले आणि जिना चढायला लागले. एकोणसाठ वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधलेला, कठड्याला धरून. मला त्यांच्या मागे जायला हवं होतं. मी साहेबांच्या मागे गेले.

आता साहेबांनी घंटेचं बटण दाबून धरलं. खाली कुठेतरी ती वाजत असावी. त्यांनी फोन काढला, वर धरला, कोपऱ्यात धरला, दाराच्या फटीशी नेला. मी त्यांना सांगितलं की चारी बाजूंनी पत्रा आणि त्याबाहेर काँक्रीट आहे, इथे नेटवर्क मिळायचं नाही. त्यांनी तरी आणखी दोनदा धरून पाहिला. माणूस अडकला की आधी फोनकडे बघतो, मग देवाकडे. मी पण तेच केलं होतं, फक्त फोन खिशातून न काढता.

झालं होतं ते असं. या इमारतीत सगळे दवाखाने आहेत. मागच्या गुरुवारी दुपारी चार वाजता, गुडघ्याच्या व्यायामाला निघालेल्या एका आजीबाई याच लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याजवळ पावणेदोन तास अडकल्या. एकट्या. बाहेर काढलं तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं तक्रार केली, आणि ते बरोबरच होतं. प्रश्न एवढाच होता की लिफ्टमध्ये दोष होता हे कुणाला माहीत होतं का.

मामा म्हणाले, मला माहीत होतं. सकाळी मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, मजल्यामजल्यावरची लॉकं तपासून, तळघरातच बसून फोनवर नोंद केली: लिफ्ट बंद ठेवा. दारावर पाटीही लावली. इमारतीचा गार्ड म्हणाला, हो, पाटी होती, पण एक वाजता माझ्या टॅबवर लिफ्ट 'चालू' दिसायला लागली, म्हणून मी ती काढली आणि स्विच टाकला. नियमच तसा: पाट्यांवर नाही, ॲपवर चालायचं. हा नियम आमच्या ॲपबरोबरच आला होता. मग साहेबांनी रेकॉर्ड उघडलं. त्यात 'बंद' हा शब्द कुठेच नव्हता. स्थिती: चालू. शेरा: मशीनचं तेल पाहिलं, ठीक. लिहिणारा: मामांचा जोडीदार. मामांच्या स्वतःच्या फोनमध्येही तेच. त्यांच्या बोटांनी लिहिलेलं एक अक्षर कुठे शिल्लक नव्हतं. नोंद नाही तर काम नाही. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मामांना घरी बसवलं.

"तुमचे मामा लिहून देणार आहेत म्हणे," साहेब कपाळ पुसत म्हणाले. हे त्यांनी मला खालीही सांगितलं होतं. आता बोलण्यासाठी काहीतरी हवं म्हणून पुन्हा सांगत होते. "वयामुळे विसर पडतो, नोंद करायची राहून गेली, असं. बरं झालं. तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. लायसन्स जाईल, पण प्रकरण वाढणार नाही. ह्या लिफ्टला झालंय तरी काय पण? दुरुस्त केलीये ना!"

खरं सांगायचं तर खाली हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती, आणि तरीही सुटल्यासारखं वाटलंच.

कारण मला माहीत होतं. सोमवारपासून.

वरच्या बाजूनं दार ठोठावल्याचा आवाज आला. "आत किती जण?" मामांचा आवाज.

"दोघं!" साहेब ओरडले. "मी आणि तुमची भाची!"

"दाराला हात लावू नका. उघडायचा प्रयत्न करू नका. गुदमरायचं नाही, हवा येते. मशीन रूममध्ये जाऊन हातानं चाक फिरवून वर घेतो. पण साहेब, एक अडचण आहे."

"काय?"

"मी निलंबित आहे. गार्ड मशीन रूमची किल्ली देत नाही."

"माझी परवानगी आहे म्हणावं!"

जरा वेळ वर मामांचं फोनवर बोलणं ऐकू आलं. "तो म्हणतो, ॲपवर पाहिजे."

साहेबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. नेटवर्क नाही. परवानगी देणारा आत, परवानगी मागणारा बाहेर, आणि मध्ये माझं ॲप. मला हसू आलं, आणि ते नको तिथं आलं, कारण साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्या गार्डला दारापाशी आणा," ते म्हणाले. "मी तोंडानं सांगतो."

"तो खाली तळमजल्यावर आहे. घंटेपाशी. आणतो." मामांची पावलं जिन्यावर उतरू लागली. पाच मजले. त्या गुडघ्यानं.

साहेब खाली बसले. मीही बसले. लिफ्टची जमीन गार होती. दोन माणसं उभी राहिली तर ठीक, बसली तर गुडघे गुडघ्यांना लागतात एवढीच जागा. समोरच्या आरशात आम्ही दोघं दिसत होतो आणि दोघंही तिकडे बघत नव्हतो.

"तिसऱ्या मजल्याचं लॉक बदललं," साहेब पुन्हा स्वतःशीच म्हणाले. "मग चौथ्या-पाचव्याला का?"

"त्यांनी सगळ्या मजल्यांचं लिहिलं असेल," माझ्या तोंडून गेलं.

"कुणी?"

"मामांनी. दाराचं लॉक सैल झालं की लिफ्ट दार उघडं समजून मध्येच थांबते, आणि सगळी लॉकं एकाच वयाची आहेत. तिसऱ्याचं सैल असेल तर बाकीचीही आलीच. ते लिहिल्याशिवाय राहिले नसतील. तुम्ही फक्त तिसऱ्याचं बदललंत, कारण आजीबाई तिथं अडकल्या."

"ते म्हणत होते खरे असं काहीतरी. मला वाटलं, अंगाशी आलं म्हणून सांगतायत." साहेबांनी मान वर केली. "'लिहिलं असेल' म्हणजे? लिहिलं असतं तर दिसलं असतं."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये एका पेटीत. आमच्या ॲपच्या कंपनीचा मालक सकाळी बजावून गेला होता: शेवटची नोंद वाचून दाखव, त्यापलीकडे तोंड उघडू नकोस. पण मालकाला दोष देऊन मी मोकळी होणार नव्हते. ते जे काही होतं, ते मी माझ्या हातांनी लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी.

"साहेब," मी म्हणाले, "ॲप एका वेळी पूर्ण रेकॉर्ड जपतं. या लिफ्टचं रेकॉर्ड म्हणजे स्थिती, लॉकं, तेल, शेरा, सगळं मिळून एक पान. नेटवर्क नसेल तर ते पान फोनमध्येच लिहिलं जातं. नेटवर्क आलं की पान सर्व्हरकडे जातं. आणि एकाच लिफ्टची दोन पानं दोन फोनांवरून आली, तर ज्यावर नंतरची वेळ आहे ते पान राहतं. दुसरं जातं."

"जातं म्हणजे?"

"फेकून देतो आपण. पूर्ण."

साहेबांनी थोडा विचार केला. "त्यात चुकीचं काय? शेवटी लिहिलं ते खरं. ऑफिसातही शेवटचंच पत्र ग्राह्य धरतात."

"पत्र लिहिणाऱ्यानं आधीचं वाचलेलं असतं. इथे दोघांनी एकमेकांचं वाचलेलंच नव्हतं. एक तळघरात, एक गच्चीवर मशीन रूममध्ये. दोघांच्या फोनात सकाळची तीच प्रत: स्थिती चालू. मामांनी स्थिती बदलून 'बंद' केली, लॉकांबद्दल लिहिलं. जोडीदारानं फक्त तेलाची ओळ लिहिली. त्यानं 'चालू' असं लिहिलेलं नाही, साहेब. ते त्याच्या पानावर सकाळपासून होतंच. पण त्याचं पान जिंकलं, आणि त्यासोबत ते शिळं 'चालू' पण आलं."

"पण मामा म्हणतात, त्यांनी पावणेअकराच्या सुमारास लिहिलं. जोडीदार तर म्हणतो साडेदहाला त्याचं तेलाचं काम संपलं होतं. मग शेवटचं मामांचं झालं की. ते राहायला हवं."

साहेब दिसतात तितके मठ्ठ नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

"मामांच्या त्या जोडीदाराला सगळे काय म्हणतात?" मी विचारलं.

"घड्याळराव."

"का?"

ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. सगळ्या कंपनीला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी उशीर झाला म्हणून त्याला एकदा परत पाठवलं होतं, तेव्हापासून हा माणूस मनगटावरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे ठेवतो. भिंतीवरचंही. आणि फोन मिळाला तेव्हा आपोआप वेळ घेणं बंद करून फोनचंही. कुठेही तो पंधरा मिनिटं आधी हजर असतो आणि बाकीच्यांना उशीर झाला म्हणून टोमणे मारतो.

"सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं," मी म्हणाले. "कुणाचा फोन कधी बोलला, तेव्हा फोनचं घड्याळ काय म्हणत होतं, कुठल्या लिफ्टबद्दल बोलला. काय लिहिलं होतं ते ठेवत नाही आम्ही. मामा तळघरातून वर आले, अकरा वाजून दोन मिनिटांनी त्यांचं पान आलं. लिहिल्याची वेळ दहा चाळीस. घेतलं. तेव्हापासून एक वाजेपर्यंत ही लिफ्ट सगळ्यांकडे 'बंद' होती. घड्याळराव बॅटरी वाचवायला डेटा बंद ठेवतो. तो जेवायला बसला तेव्हा चालू केला. एक वाजून पाच मिनिटं. त्याच्या फोनच्या मते एक वीस. त्याच्या पानावर लिहिल्याची वेळ दहा पंचेचाळीस. खरे साडेदहाच. मामांच्या आधी दहा मिनिटं लिहिलेलं पान मामांच्या नंतरचं ठरलं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

आज शुक्रवार होता. साहेबांनी बोटं मोजली नाहीत, पण मी मोजली.

वरून पुन्हा आवाज आला. गार्डला आणलं होतं. साहेबांनी बसल्या जागेवरूनच त्याला अशा शब्दांत परवानगी दिली, की ते शब्द कुठल्याही रेकॉर्डमध्ये येणार नाहीत. मामा म्हणाले, "आता वर जातो. चौकशीला घड्याळराव आलाय, तो ब्रेक सोडेल, मी चाक फिरवतो. दोघं लागतात. आधी मेन बंद करणार, दिवा जाईल. घाबरू नका."

दिवा गेला. छतातला छोटा पिवळा दिवा लागला. साहेबांचा श्वास जोरात ऐकू येऊ लागला.

"घड्याळं सरळ करायला लावा सगळ्यांना," ते म्हणाले, श्वासांच्या मधून. "झालं."

"मग त्या दिवशी मामांचं राहिलं असतं आणि तेलाची ओळ गेली असती. परवा उलटं झालं असतं. घड्याळानं एवढंच कळतं की कोण नंतर लिहीत होतं. कोण काय बदलत होतं ते कळत नाही."

"मग काय करायचं असतं?"

"मर्ज. दोन्ही पानं सकाळच्या प्रतीशी ताडून बघायची. मामांनी स्थिती आणि लॉकं बदलली, घड्याळरावनं तेल. वेगवेगळ्या ओळी आहेत, तर दोन्ही घ्यायच्या. लिफ्ट बंद राहिली असती आणि तेलही नोंदलं गेलं असतं."

"आणि दोघांनी एकच ओळ बदलली तर? एक म्हणतो चालू, एक म्हणतो बंद?"

"तर मशीननं ठरवायचं नाही. दोन्ही ठेवायचं, माणसाला विचारायचं. आणि माणूस सांगेपर्यंत लिफ्ट बंद."

"मग हे आधीच का नाही केलं?"

हा प्रश्न मी स्वतःला चार रात्री विचारत होते. "सोपं नाही ते. सकाळची प्रत जपावी लागते, कुणी काय बदललं त्याचा इतिहास ठेवावा लागतो, भांडण आलं की सोडवायला कुणीतरी बसावं लागतं. दुसरं अगदी सोपं आहे. दोन वेळा बघायच्या, मोठी ठेवायची. कुणाला काही विचारावं लागत नाही, सगळ्या फोनांवर शेवटी एकच पान दिसतं, सगळे खूश. गार्डचा फोन नंबर बदलला असल्या गोष्टींना ते पुरतंही. मला वाटलं, एका लिफ्टवर एकाच वेळी दोन माणसं लिहितील कशाला?"

"दोन माणसं पाठवायचा नियमच आहे आमचा," साहेब म्हणाले. "एक वर, एक खाली. कायम. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी मामांनाही विचारलं नव्हतं. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस माझ्या घरातलाच होता, त्यानंच साहेबांना माझं नाव सुचवलं होतं, 'माझ्या भाचीनं केलंय' म्हणून सगळ्यांना फोन दाखवत फिरला होता. त्याला एक प्रश्न विचारायला मला वेळ झाला नव्हता.

"पण हे सगळं तुमचं बोलणं झालं," साहेब म्हणाले. नोंदीचा माणूस शेवटी नोंदीवरच येतो. "पुरावा काय? मामांनी 'बंद' लिहिलं हे कुठे दिसतं?"

"कुठेच नाही. पण काय होतं ते दाखवू शकते. ॲप उघडा. ही लिफ्ट काढा."

मी माझ्या फोनचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. त्यांना दाखवून. मग याच लिफ्टच्या रेकॉर्डमध्ये लिहिलं: आतला दिवा पुसला. जतन केलं. स्थितीला मी हातसुद्धा लावला नाही. ती आधीची 'चालू' होती तशीच राहिली.

"आता तुम्ही लिहा. जे खरं आहे ते."

साहेबांनी लिहिलं. एकेक अक्षर शोधत लिहिलं, वेळ लागला. स्थिती: बंद. शेरा: चौथ्या व पाचव्या मजल्यामध्ये अडकली आहे. आत दोन माणसे. सर्व लॉक बदलावे. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, जतन केलं, आणि फोनवर आलेली खूण मला दाखवली. "राहिलं बघा."

"फोनमध्ये राहिलं," मी म्हणाले.

लिफ्ट हलली. एक बोटभर, मग एक वीत. वर कुठेतरी मामांचा आवाज, "सोड... बस. सोड... बस." प्रत्येक 'सोड'ला आम्ही थोडे वर जायचो आणि प्रत्येक 'बस'ला साहेब डोळे मिटायचे. किती वेळ चाललं कोण जाणे. एकदा 'बस' झाल्यावर पुढचं 'सोड' आलंच नाही. जिन्यावर पावलं वाजली. दारात किल्ली फिरली, फट पडली, आणि फटीतून मामांची बोटं आत आली, काळी, ग्रीस लागलेली.

साहेब आधी बाहेर पडले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मागोमाग मी. त्यांच्या हातातला फोन थरथरला. माझाही. नेटवर्क आलं होतं.

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. तिथं त्यांचं लिहिलेलं होतं, दोन-तीन सेकंद. मग पान बदललं. स्थिती: चालू. शेरा: आतला दिवा पुसला. त्यांनी पान खाली ओढलं, परत उघडलं, मागे जाऊन पुन्हा उघडलं. बटणं दाबली होती तसंच.

"मी आत्ता लिहिलं होतं," ते म्हणाले. "तुमच्यासमोर लिहिलं होतं. वाचून दाखवलं होतं."

"हो," मी म्हणाले.

जिन्याखालून गार्डची हाक आली, "साहेब, टॅबवर लिफ्ट चालू झाली! स्विच टाकू का?"

मामा वाकून खाली म्हणाले, "टाकून बघ. मेनला कुलूप आहे माझं, किल्ली खिशात आहे." मग आमच्याकडे वळून, जरा ओशाळून, "आता विसरायला होतं ना, म्हणून कुलूप घातलं. नियमात नाही, माहीत आहे."

त्यांनी खिशातून किल्लीबरोबर एक घडी घातलेला कागद काढला. "साहेब, हे लिहून आणलंय. सही केलीये. वर जाऊन द्यायचं होतं, पण आता तुम्ही दमलात. इथंच घ्या, आणि घरी जा."

साहेबांनी हात पुढे केला नाही. ते माझ्याकडे बघत होते. सांगायचं ते मीच सांगायचं होतं.

"मामा, तुम्ही विसरला नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही लिहिलं होतं. ते सर्व्हरवर पोचलंही होतं. माझ्या ॲपनं ते पुसलं."

मामांनी पुढे केलेला कागद मागे घेतला. मग म्हणाले, "लिहिलं होतं?"

"हो."

"बंद ठेवा म्हणून?"

"काय लिहिलं ते नाही दिसत. पण लिहिलं होतं. दहा चाळीसला."

"दहा चाळीस," ते म्हणाले. "पालथ्या डब्यावर बसून लिहिलं होतं. मला तो डबा आठवत होता गं. डबा आठवतोय आणि लिहिलेलं दिसत नाही, म्हटलं, आता डोकंच गेलं." ते हसले. मागच्या आठवडाभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. जिन्याच्या कठड्याला हात टेकून हसले, आणि हसता हसता डोळे पुसले, तर गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. वरून घड्याळराव उतरला होता, तोही काही न कळता हसू लागला.

मग मामांचं हसणं थांबलं. "तुला कधी कळलं?"

साहेब दुसरीकडे बघायला लागले.

"सोमवारी."

मामांनी तो कागद पुन्हा घडीवर घडी घातला. रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी रागावायचा प्रयत्नही केला नाही.

"मंगळवारी तू घरी जेवायला होतीस," ते म्हणाले. "मी गॅस बंद केला का ते बघायला तीनदा उठलो. मामी तुझ्यासमोरच म्हणाली, आता यांना एकटं सोडायला नको. तू तेव्हा भाजी वाढून घेत होतीस."

मी त्यांच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"वर चला," मामा साहेबांना म्हणाले. "चौकशी आहे ना. मंडळी बसलीयेत." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "हा तू ठेव. मला पुढे कधी वाटलं, की मी विसरतोय, तर काढून दाखव." मग किल्ली खिशात टाकून ते जिना चढू लागले, कठड्याला धरून, एकेक पायरी. मी त्यांच्या मागे निघाले. वर मीटिंग रूममध्ये साहेबांनी त्यांच्या दोन पेनांमधलं एक काढून माझ्यापुढे ठेवलं, आणि मी माझ्या जबाबाच्या पहिल्या ओळीत सोमवारची तारीख लिहिली.